पाय टेकत नाहीत तिथं

मनकर्णाचं माहेर नेकनूरकडचं. तिकडं पाणी म्हणजे हंड्यात मावेल तेवढं. खोल पाणी तिनं पाहिलं ते फक्त विहिरीत, आणि घरात विहिरीचा विषय निघायचा तो कुणाची तरी सून तिच्यात सापडली म्हणूनच. सतराव्या वर्षी ती धारूरच्या डोंगराखाली, तलावाकाठच्या भोयांच्या वस्तीत नांदायला आली. नवरा शहादेव तलावात मासे धरायचा. एकोणीस वर्षं तिनं त्याची जाळी सांधली, मासे बाजारात नेऊन विकले, पण घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नाही.

दोन हजार अकराच्या आषाढात शहादेवला लकवा मारला. डावं अंग गेलं. बोलणं जड झालं, पण समजायचं. एकुलती लेक लग्न होऊन सासरी गेलेली. आता घरात जाळं टाकणारं कुणीच राहिलं नाही.

पोळा झाल्यावर मच्छीमार सोसायटीचे चेअरमन सुंदरराव घरी आले. चहा घेतला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले.

"वहिनी, राग मानू नका," ते शेवटी म्हणाले. "जो सोता जाळं टाकतो तोच सभासद, असा नियम हाय. शहादेवच्या जागी तुमचं नाव लावता येईल. पण तलावात थर्माकोलच्या पाटावर एकटीला जावं लागतं. पोहता आल्याबिगर मी न्हाई जाऊ देणार. दिवाळीनंतर मीटिंग हाय, तवर थांबतो."

ते गेल्यावर शहादेव भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मी शिकवतो."

"तुमी? तुमाला तर उठून बसाया मी लागते."

"तोंड चालतंय की माझं."

दुसऱ्या दिवसापासून ती त्याला शेजारच्या सारजाबाईच्या हातगाड्यावर बसवून काठावर नेऊ लागली. तिच्या अंगात शहादेवचाच जुना शर्ट आणि सारजाबाईच्या पोरीची सलवार. पाठीवर पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन बांधलेला. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक शहादेवच्या चांगल्या हाताला गुंडाळलेलं. धुणं धुणाऱ्या बाया बघून हसायच्या. दोन-चार दिवसांनी त्या हसायच्या थांबल्या. छत्तीस वर्षांची बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून थरथर कापताना रोज बघवत नव्हतं.

पहिला आठवडा त्यानं तिला फक्त तोंड बुडवायला लावलं.

"नाकानं हवा सोड. बुडबुडे निघू दे. आता वर ये, तोंडानं घे."

तिच्या नाकात पाणी जायचं, डोकं ठणकायचं. ती रडायची आणि ओल्या तोंडावर रडणं दिसत नाही म्हणून पुन्हा बुडी घ्यायची. मग त्यानं उताणं तरंगायला शिकवलं.

"कान बुडू दे. हनुवटी आभाळाकडं. पोट वर काढ. छातीत हवा भरून ठेव, मग पाणी सोता उचलतंय तुला. भांडू नको त्याच्याशी."

कॅनच्या आधारानं ती तरंगायला लागली. पाय मारायला लागली, हातानं पाणी मागं ढकलायला लागली. काठाला धरून तीस-चाळीस हात जायची. पण तळ दिसेनासा झाला, की अंग आखडायचं. तलावाच्या बांधासाठी माती काढलेली, आता पाण्याखाली गेलेली जुनी खाण त्या काठापासून जवळच होती. तिथं पाणी एकदम काळं व्हायचं. त्या कडेला आली की ती उभी राहायला बघायची, पाय चाचपडायचे, आणि ती घाबरून मागं फिरायची.

"पाय कावून शोधतीस गं?" शहादेव ओरडायचा. आजारानं त्याचा आवाज चिरका झाला होता. "खाली कायबी न्हाई. पाणी वरच धरतंय माणसाला!"

पण तो ओरडायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लकव्याआधीचं काहीतरी यायचं. दिवसभर गप्प पडून असलेला माणूस त्या तासाभरात जिवंत असायचा. म्हणूनही ती जायची.

दसऱ्यानंतर एका दुपारी त्यानं कॅन सोडायला लावला. काठावर दुसरं कुणी नव्हतं. ती खाणीवर गेली. पाचेक हात नीट गेली असेल, तोच उजव्या पोटरीत गोळा आला. पाय वळला, तोंडात पाणी गेलं. "आवं!" ती किंचाळली.

शहादेवनं दोर ओढला. एका हातानं किती ओढणार? तो पुढं वाकला आणि ओल्या गाळावरून घसरत पालथा पाण्यात पडला. पाणी होतं मांडीइतकंच. पण चांगला हात दोरात अडकलेला, दुसरा हात नावाचाच. त्याला तोंड वर काढता येईना.

मनकर्णाला त्याची फक्त बनियन दिसली, पाण्यावर पांढरी. तिचं ओरडणं आपोआप थांबलं. ती उताणी झाली. कान बुडाले. छातीत हवा भरली, वळलेल्या पायाचा चवडा हातानं धरून स्वतःकडं ओढला. गोळा थोडा सैल झाला. मग ती पालथी झाली आणि एका पायानं, दोन हातांनी पाणी मागं सारत निघाली. खाली किती खोल आहे हे तिला आठवलंसुद्धा नाही. गुडघा गाळाला लागला तेव्हाच कळलं की काठ आला.

तिनं त्याला उताणं केलं, खांद्याला धरून काठावर ओढलं, कुशीवर वळवलं. तो खोकला. पाणी ओकला. खूप वेळ दोघं गाळात तशीच पडून होती. दोर अजून दोघांच्या मधे होता.

"लागलं का कुठं?" तिनं विचारलं.

 त्यानं चांगल्या हातानं तोंडावरचा गाळ पुसला. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "शिकलीस."

त्यात शाबासकी नव्हती. ज्यानं वयाच्या सहाव्या वर्षी हा तलाव आडवा पार केला होता, तो मांडीएवढ्या पाण्यात बुडता बुडता राहिला होता, आणि ते बायकोनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "सुंदररावांचा कागद आण." सभासदत्व सोडत असल्याच्या कागदावर त्यानं वाकडीतिकडी सही केली. त्यानंतर तो तलावावर कधी आला नाही. तिनं दोनदा म्हणून पाहिलं. "आता तुला काय शिकवायचं ऱ्हायलं?" एवढंच तो म्हणाला.

मीटिंगमध्ये तिचं नाव लागलं. संध्याकाळी जाळं टाकायचं, पहाटे उचलायचं. थर्माकोलवर बसली की खालचं काळं पाणी तिला अजूनही दिसायचं. भीती गेली नव्हती. फक्त ती आता कुणाला सांगायची सोय उरली नव्हती. कटला, रोहू घरी यायचे. शहादेव खायचा, चांगलं-वाईट काही म्हणायचा नाही.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. सोसायटीनं सोडलेलं मासळीच्या पिल्लांचं बी गढुळात तडफडून मेलं. कलेक्टर कचेरीनं उरलेलं पाणी पिण्यासाठी राखलं आणि टँकर ते भरून नेऊ लागले. माघात खाणीतसुद्धा नुसत्या भेगा पडल्या. वस्तीतली माणसं रोजगार हमीच्या कामावर जायला लागली. मनकर्णाही.

एका सकाळी ती निघत असताना शहादेवनं अंथरुणातून विचारलं, "किती हाय पाणी?"

तिच्या हातात खोरं होतं. तिनं ते दाराआड टेकवलं आणि खुंटीवरचं जाळं काढून खांद्यावर घेतलं.

"हाय की. छातीला लागतंय."

 गावात काय चाललंय ते त्याला ऐकू येत नव्हतं असं नव्हतं.

"जपून," तो म्हणाला. "एकटी खोलात जाऊ नको."

ती बरं म्हणाली. सारजाबाईच्या ओसरीवर जाळं ठेवून, परत येऊन दाराआडचं खोरं उचलून ती कामावर गेली.