रुपयामागे एक आणा

कोपरीतल्या काळुराम पाटलांचा गाळा पोपटशेटने बांगड्या-लुगड्यांच्या दुकानासाठी महिना पंधरा रुपये भाड्याने मागितला. पण काळुराम महाबेरका! "ठरलेलं भाडं नको. विक्रीच्या रुपयामागे आणा दे. तुझा धंदा वाढला की माझंही वाढलं पाहिजे."

पहिल्या महिन्यात जेमतेम सात रुपये आले. लग्नसराईत मात्र वीस! काळुराम गावभर मिशा पिळत फिरला. घरी येऊन बघतो, तर बायको तुळसाच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या आणि सुनांच्या अंगावर नवी लुगडी.

"तुमचा आणा वाढावा म्हणूनच घेतो," तुळसा म्हणाली.

काळुराम तडक दुकानात गेला. "उद्यापासून ठरलेले पंधराच दे!"

पोपटशेटने हात जोडले. "देतो की, पाटील. फक्त वहिनींना यायचं बंद करू नका, नाहीतर पंधरा आणू कुठून?"