किशोरीचं बेसूर गाणं

विनिताची बढती हुकल्याचं कळताच पतपेढीतल्या मंडळींनी तिला फोनवर जी गाणी पाठवली, ती ऐकून किशोरीचं डोकंच फिरलं. कुणी वादळात न विझणाऱ्या पणतीचं पाठवलं, कुणी पहाट होणारच म्हणून सांगणारं. एकाने तर चक्क देवाघरी न्याय असल्याचं भजन धाडलं. अरे, बाई धडधाकट आहे, तिला देवाघरी कशाला पोचवताय? शाखाधिकाऱ्याचं काम विनिता कित्येक दिवस प्रभारी म्हणून ओढत होती. आणि खुर्ची मिळाली अध्यक्षांच्या पुतण्याला, प्रज्योतला. तिजोरीच्या दोन चाव्या दोन माणसांकडे का ठेवायच्या, हे त्याला अजून समजावून सांगावं लागत होतं. समजावून सांगायचं काम अर्थातच विनिताचं.

किशोरी चौलची, सुपारीच्या वाडीतली. विनिता रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. दोघी पतपेढीत कामाला; कमलेशच्या इको गाडीतून रोज अलिबागला जायच्या आणि गाडीत गाणी लावायचा मान किशोरीचा असे. विनिताचा गळा खणखणीत. कोळीवाड्यात कुणाची हळद असली की पुढची ओळ तीच टाकायची आणि बाकीच्या बायका ती झेलायच्या. पण आता ती खिडकीबाहेर बघत बसायची. त्यातच अध्यक्षांनी निरोप दिला, शनिवारी प्रज्योतचा सत्कार आहे, स्वागतगीत विनिताबाईंनी म्हणावं. ती नुसतं 'बरं' म्हणाली. किशोरीला संताप आला तो त्या 'बरं'चा. आज हे बरं म्हटलं, की ही जन्मभर बरंच म्हणत राहणार.

दुसऱ्या दिवशी किशोरीने मोठ्या विचाराने एक संथ, गोड गाणं लावलं. थकलेल्या पाखराला धीर देणारं. विनिताने ते कडव्यापर्यंतही जाऊ दिलं नाही.

"बंद कर गो. मी मेले न्हाय."

किशोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे तीही त्या पणतीवाल्यांतलीच निघाली. घरी येऊन तिने फोनमधली गाणी चाळायला घेतली. उद्याची आशा दाखवणारं काढलं. 'तू रडू नकोस' म्हणत अंगावर येणारं काढलं. विनिताचं फार आवडतं होतं तेही काढलं, कारण या दिवसांत ऐकलं तर पुढे कायम याच दिवसांची आठवण देत राहील. नुसतं धांगडधिंग्याचंही नको. काही झालंच नाही असं दाखवणं म्हणजे तोंडावर पदर टाकलेली कीवच. उरलं काय? ठेका जोरकस, हात आपोआप सीटवर आपटेल अशी चार गाणी. पण तीही सकाळी वाजली आणि संपली. विनिताचा हात मांडीवरून हलला नाही.

मग किशोरीच्या ध्यानात आलं, की सगळेच तिला काहीतरी देताहेत. तिच्याकडे मागत कुणीच नाही. तिने फोन बंद केला आणि विनिताच्या भाचीच्या हळदीत ऐकलेलं सवालजवाबाचं गाणं स्वतःच म्हणायला घेतलं. किशोरीचा आवाज म्हणजे गंजलेला रहाट. कमलेशने आरशातून दोनदा पाहिलं. नागाव येईपर्यंत विनिताने कसंबसं सोसलं.

"ठेका पडतोय कुठं, तू गातेस कुठं? आन् हळदीत ज्याची खेचायची त्याचं नाव घ्यावं लागतं, नावाबिगर गानं कसलं?"

"मग घे की नाव. मला कुठं येतंय?"

विनिताने सीटवर थाप मारली.

"खुर्ची मिळाली कुनाला गो कुनाला?"

"काकाच्या लाडक्या पुतन्याला!" हे कमलेश ओरडला आणि गाडी खड्ड्यात गेली.

अलिबाग येईपर्यंत विनिताने अख्खं संचालक मंडळ हळदीला बसवलं. हसत नव्हती ती, चिडली होती, आणि गात होती. किशोरीला तेवढंच हवं होतं.

शनिवारी सभागृहात हारतुरे झाले. प्रज्योतसाठी मधोमध मखमली खुर्ची मांडली होती. विनिता माईकपाशी गेली आणि म्हणाली, आमच्याकडे शुभकार्याला हळदीचं गाणं म्हणतात, मागून सगळ्यांनी म्हणायचं. अध्यक्षांनी कौतुकाने मान डोलावली. तिने पहिला सवाल खुर्चीचाच टाकला, किशोरीने बेसूर जवाब दिला. मागच्या रांगेतल्या पणतीवाल्यांनाही तोंड उघडावं लागलं. हळदीतल्या चेष्टेवर रागावणाऱ्याचीच शोभा होते, हे किनाऱ्यावर पोरालाही ठाऊक असतं. अध्यक्षांना हसावं लागलं.

"राबून घाम आला कुनाला गो कुनाला?"

विनिता थांबली. जवाब कुणाला शिकवलेलाच नव्हता. तरी सगळ्या सभागृहातून आला, "विनिताला!"

आता अध्यक्ष हसत नव्हते. विनिताने माईक सोडला नाही.

"गानं झालं, साहेब. आता सांगा, माझं काय कमी पडलं?"

अध्यक्ष म्हणाले, हा विषय कार्यक्रमानंतर बोलू.

"बरं," विनिता म्हणाली. "थांबते मी." आणि मधोमधच्या मखमली खुर्चीवर जाऊन बसली.