ऑक्टोबरातलं जॅकेट

माझ्या धाकट्या बहिणीची हिमाचलातल्या एका इस्पितळात नर्स म्हणून निवड झाली, तेव्हा आमच्या दिग्रसला अंगावर बनियनही नको वाटत होतं. आईनं नोकरीला नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याची तिची पद्धत वेगळी होती. "थंडीचं सामान आणा," ती म्हणाली. "मी पाहीन. टिकाऊ दिसलं तर जाईल, नाही तर नाही."

म्हणजे बहिणीची नोकरी एक जॅकेट आणि एक जोडी बूट यांच्यावर येऊन थांबली.

खरेदीला यवतमाळला जायचं ठरलं आणि मामा सोबत निघाले. मामा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि एक शब्द बोलायचा, एवढं त्यांचं काम. त्या एका शब्दासाठी गाड्यांची रांग दोन दिवस उभी असे. भाव पडल्यापासून तो शब्द ऐकणारे चेहरे अधिकच लांबट झाले होते, आणि मामांचा आवाज तेवढाच भारदस्त. घरी ते भाजीची जुडीही तशाच चिमटीत धरून पाहत. कुणी हसलं, की म्हणत, "हात सांगतो. तोंड खोटं बोलते."

मेन रोडवरचं दुकान रिकामं होतं. कापूस बुडाला, की कपड्याच्या दुकानातली माणसं आधी नाहीशी होतात, मग दुकानदाराची घाई. शेठ पंख्याखाली बसले होते. आम्हांला पाहून त्यांनी पंख्याचं तोंड आमच्याकडे वळवलं. आम्ही जॅकेट मागितलं, तेव्हा त्यांनी ते पुन्हा स्वतःकडे वळवलं.

"ऑक्टोबरात जॅकेट? मॅडम, थंडी पडू तर द्या."

"तिथं पडली आहे," बहीण म्हणाली.

माळ्यावरून चार जॅकेटं उतरली. मामांनी पहिलं, चकचकीत निळं, पुढ्यात घेतलं. अस्तर चिमटीत धरून ओढलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "एक नंबर. मऊ हाय."

"मऊ असून काय करू, मामा?" बहिणीनं जॅकेट उलटं केलं, अस्तर बाहेर. खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरून हळूच ताणल्या. दोन कापडांच्या मधे दोरे उघडे पडले आणि त्यांच्यातून उजेड दिसायला लागला. "टाके लांब आहेत अन् सैल आहेत. इथं ओढ बसली, की उसवलं."

"वरून तर दिसत नाही," शेठ म्हणाले.

"वरून कशाले दिसेल?" मामा एकदम जागे झाले. "गाडीच्या तळात हात घातल्याशिवाय ओला कापूस दिसत नाही. बरोबर पकडलं, पोरी!"

पकडलं बहिणीनं होतं, पण चेहरा खुलला मामांचा, जणू त्यांनीच पकडलं. शेठनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

दुसऱ्या जॅकेटला शिवण घट्ट होती, इतकी की कापडाला चुण्या पडल्या होत्या. ते तिनं नुसतं पाहूनच बाजूला केलं. इस्पितळात टाके घालणाऱ्यांचे हात तिनं पाहिले होते. फार आवळलेला टाका तिला सैल टाक्याइतकाच खटकत असे. तिसरं करड्या रंगाचं, कुणाच्या नजरेत न भरणारं. टाके सारखे, खिशांच्या कोपऱ्यांवर दुहेरी शिवण. तिनं ते अंगात घातलं आणि दोन्ही हात वर केले. कपाळावरून घामाची धार सुटली.

"हे काय करून राह्यली तू?" मामा म्हणाले.

"अस्तर कुठं ओढते ते पाहते. आतलं कापड वरच्यापेक्षा थोडं ढिलं पाहिजे, पाठीला चुणी ठेवलेली पाहिजे. नाही तर पहिल्याच दिवशी काखेत फाटते."

काखेत काही झालं नाही. पण चेन लावून तिनं छातीजवळ दोन्ही बाजू आडव्या ओढल्या, तर चेन ओढायचा रनर आपोआप खाली घसरला. चेनचे दात शाबूत होते. रनरच जागेवर ठरत नव्हता.

"यातच दुसरा पीस आहे का?"

होता. त्याची चेन तिनं सात-आठ वेळा वरखाली केली, मध्ये थांबवून ओढली, खालची पिन डब्बीत नीट बसते का पाहिलं, चेनची पट्टी कापडावर सरळ शिवली आहे का तेही पाहिलं. मग नव्यानं टाके, अस्तर, काख. शेठ पंखा विसरून तिच्याकडे बघत होते. जॅकेट ठरलं.

राहिले बूट, तेही शेठकडेच होते. इथं मामांनी सूत्रं परत हाती घेतली. त्यांनी खोक्यांतून एक तपकिरी जोडी निवडली. भारी दिसणारी, जाड फुगीर तळाची. "हे पाह्य. साहेबाचे बूट." आणि बूट दोन्ही हातांत धरून बरोबर मधोमध वाकवला, पुरी दुमडावी तसा. "कसा मऊ..."

तळाला आडवी भेग गेली. काळा भुगा मामांच्या धोतरावर पडला.

शेठनी भेग जवळून पाहिली. मग बोलले, अगदी शांतपणे. "ग्रेडर साहेब ना? दिग्रसचे?"

"हो."

"मागच्या साली माझ्या शेतातली गाडी तुम्ही अशीच एका चिमटीत परत पाठवली होती. आज बूट पण नापास केला."

मामा धोतर झटकत राहिले. "माल जुना हाय तुमचा."

"जुनाच आहे. दोन वर्षं कुणी घेतलाच नाही. कापूस तुम्ही घेतला नाही, बूट गावानं घेतले नाहीत."

बहिणीनं तुटलेला बूट हातात घेतला आणि नखानं तळ दाबला. नख आत गेलं. "फुगवलेला तळ पडून राहिला, की असाच होतो," ती म्हणाली. "अन् मामा, बूट मधून वाकायला नको. जिथं बोटं वाकतात, तिथंच वाकला पाहिजे. मधून वाकणाऱ्या बुटात दिवसभर उभं राहून पाहा एकदा."

मग तिनं काळे, बोजड, रबरी तळाचे बूट घेतले. पुढे वाकले, मध्ये ताठ राहिले. वाकवताना तळ आणि चामडं यांच्यामध्ये फट पडली नाही. कडेला शिवण होती, नुसतं चिकटवलेलं नव्हतं. टाच दाबली तर दबली नाही. दोन्ही पायांत घालून ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली.

"हवालदाराचे बूट," मामा पुटपुटले. तुटक्या जोडीचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही. मामांनीही काढला नाही. परतीच्या एसटीत ते खिडकीला बसले आणि दिग्रस येईपर्यंत कुणालाच कसला दर्जा दिला नाही.

घरी आईनं सामान ओसरीवर मांडायला लावलं. बूट वाकवले, बोटांजवळच. तिला हे कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही. जॅकेट उलटं केलं, शिवणी ताणल्या. मग बहिणीला ते घालायला सांगून म्हणाली, "वरच्या फळीवरचा डबा काढ."

बहिणीनं हात वर करून डबा काढला. डबा रिकामाच होता.

आईनं चेन गळ्यापर्यंत लावली, बाजू ओढून पाहिल्या, खाली केली, पुन्हा लावली. पुन्हा खाली केली. चेन कुठंच अडेना. आम्ही उभे होतो. बहीण घामानं भिजत होती.

"चांगलं आहे," आई शेवटी म्हणाली, ज्या आवाजात मामा गाडी परत पाठवत. आणि डबा हातात घेऊन त्यात काय भरून द्यायचं ते पाहायला आत गेली.