वाळलेल्या निंबाची उंची

आमच्या तळेगावात अजूनही म्हणतात, सरांच्या गणितानं तिचं घर वाचलं. ते सर म्हणजे मी. पण ते खरं नाही. मी आहे तोवर हे दुरुस्त झालं पाहिजे.

चौकातला निंब वाळला होता. तीन बाजूंना विजेच्या तारा, चौथ्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं घर. झाड तोडणारा म्हणाला, "घराकडंच पाडावं लागते. जागा पुरते का, ते सांगा." त्यानं खोडापासून तिच्या भिंतीपर्यंत दोरी धरली. अंतर तेरा मीटर भरलं.

सकाळीच मी एक मीटरची काठी सपाट जमिनीवर उभी करून तिची सावली मोजली होती. ती पाऊण मीटर होती आणि त्याच वेळी झाडाची नऊ. समरूप त्रिकोण, नऊ भागिले पाऊण, उंची बारा. "पाडा," मी म्हणालो.

"सर, चारले अजून एकदा मोजा नं," ती म्हणाली.

"काऊन? तुले दहावीत गणितात किती होते वं?"

लोक हसले.

"पस्तीस. तुमीच देल्ले. पन घर माह्यं हाय."

ती हटेना. तोडणाराही करवत ठेवून बसला. चार वाजता काठीची सावली दीड मीटर होती, झाडाची साडेएकोणीस. भागाकार केला, तर तेरा.

"सकायी बारा, आता तेरा," ती म्हणाली. "वाळलं झाड सहा घंट्यात मीटरभर वाढते काय, सर?"

यावर कोणी हसलं नाही. सूर्य कुठेही असो, उंची तीच यायला हवी. म्हणजे चूक मोजण्यात होती. टेपचं टोक मी दोन्ही वेळा झाडाभोवतीच्या पाराच्या कडेला धरलं होतं. पारावर शेंदूर लावलेला देव आहे, चपला घालून तिथे कोणी चढत नाही. वाकून चपला काढायचा मला कंटाळा आला होता.

आता काढल्या. खोडाच्या मध्यापासून कडेपर्यंत दीड मीटर. सकाळची सावली साडेदहा झाली, दुपारची एकवीस. दोन्हीकडून उंची चौदाच आली. अर्धा मीटर उंच पारावरून कापलं असतं, तरी शेंडा तिच्या स्वयंपाकघरात गेला असता.

दुसऱ्या दिवशी तोडणाऱ्यानं शिडीची गाडी आणली, शेंडा दोरीनं बांधून तुकड्यातुकड्यानं उतरवला. भिंतीला ओरखडाही आला नाही. सरपंचांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला, आणि मी तो घेऊ दिला. ती तिथंच उभी होती, चहा देत होती. मला म्हणाली, "घ्या, सर."

पडताळा तिनं मागितला. मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. येत्या ग्रामसभेत मी हे उभं राहून वाचणार आहे, आणि तिला पुढच्या रांगेत बसायला सांगितलं आहे.