आधी विहीर, मग नळ

आसेगावात आमच्या भिंतीला भिंत लावून वच्छला राहते. अंगणवाडीची सेविका. गावची लेकरं तिचं ऐकतात, फक्त नवरा ऐकत नाही, असं मी तिच्या तोंडावर म्हणते. यंदा तिचा बी.ए.चा शेवटचा पेपर राहिला होता. पदवी झाली तर पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचंच वर्ष.

अडत होतं एकाच प्रश्नापाशी, दोन कवितांच्या तुलनेपाशी. एका कवितेत विहिरीवर पाणी शेंदणारी आई, दुसरीत शहरातल्या नळावर भांडणारी तिची लेक. मंगरूळपीरच्या अभ्यासकेंद्रात मदनसिंग सरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक तर पहिल्या कवितेचं सगळं सांगून मग दुसरी घ्यायची, पण दुसरी लिहिताना पावलोपावली पहिलीकडे वळून पाहायचं. नाहीतर आशय, प्रतिमा, सूर असा एकेक मुद्दा घ्यायचा आणि त्यातच दोन्ही कविता शेजारी ठेवायच्या. वच्छलाचा ओढा पहिल्या वाटेकडे.

"तू दुसरीच वाट धर," मी म्हटलं. "पंगतीत कसं, वरण आलं की दोन्ही पानांवर, भात आला की दोन्ही पानांवर. तुह्यं म्हणजे वराकडचे जेवून ढेकर देतात अन् वधूकडचे कोरडं पान पाहून राह्यले."

"काकू, मले समजते व. पण विहिरीतून मंधातच उठून नळावर जा, पुन्हा विहिरीवर या. कविता चिरल्यावानी वाटते."

"चिर न मग. कविता गेली चुलीत, पास हो आधी."

तरी तिनं सराव केला. सूर घेतला: आई गुमान सोसते, लेक तोंड सोडते. प्रतिमा घेतली: तिकडे दोर, इकडे रांग. सर म्हणाले, जमतंय.

पेपर देऊन आली ती तोंड पाडून.

"काय झालं व?"

"मुद्दे काढले होते. पण पयलं वाक्य विहिरीचं आलं, अन् मंग हात थांबेच ना. म्हटलं, हे संपवते अन् नळ घेते. तेवढ्यात घंटा."

"नळावर किती लिवलं?"

"दोन ओळी."

तुलनेच्या उत्तरात एकच कविता. नुसतं पहिलं टोक बांधलेल्या दोरीवर धुणं वाळत नाही. मुद्द्यामुद्द्यानं गेली असती, तर एखादा मुद्दा सुटला असता, पण तुलना झाली असती.

तिनं निकाल मोबाईलवर पाहिला तेव्हा मी तिच्या ओट्यावरच तूर निवडत होते. नापास.

"पुन्हा दे," मी म्हटलं. "पुढच्या खेपेला नळाले धरूनच लिव."

"पेपर देता येते, काकू. वय कुठून आणू?"

एवढं बोलून ती सूप ओढून माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघी खडे वेचत राहिलो.