साक्षीच्या नावानं गेलेला मेल

सोनवणे सरांचा राग बारामतीत माहीत नसलेला माणूस विरळा. भिगवण रस्त्याला त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. अकरा टाइपरायटर, आणि अठ्ठ्याण्णव साली आतल्या खोलीत आलेला एक कॉम्प्युटर. मी तिथं मराठी टायपिंग शिकवायचे. बाहेर अकरा यंत्रं एकदम खडखडत असली, तरी आतून सर ओरडले की सगळ्यांची बोटं थांबायची.

त्यांचं पूर्ण नाव बुद्धघोष गंगाराम सोनवणे, गाव कन्हेरी. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले. एरवी बोलणं अगदी छापील, पण संताप आला की कन्हेरीची भाषा बाहेर यायची. बारामतीतलं निम्मं इंग्रजी त्यांच्या हातून जायचं म्हटलं तरी चालेल. एमआयडीसीतल्या नोकरीचा अर्ज असो, कॉलेजच्या दाखल्यासाठी विनंती असो, लोक कागद घेऊन यायचे आणि शिव्या खाऊन, पण बिनचूक अर्ज घेऊन जायचे.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत साक्षी आली. तीही कन्हेरीचीच. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, प्राणिशास्त्र. तिचा मामा भीमा भिगवणच्या मासळी बाजारात वजनकाट्यावर असायचा. दर रविवारी ती तिथं जायची आणि उजनीच्या पाण्यातून कुठला मासा किती आला हे वहीत लिहायची. त्याच महिन्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेतले डॉ. इनामदार तिथं आले होते. तिची वही चाळून त्यांनी तिला आपलं कार्ड दिलं आणि म्हणाले, "उन्हाळ्यात प्रोजेक्ट करायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत मेल करा."

तेव्हा मेल करणं म्हणजे सोपं नव्हतं. फोनची लाइन लागायला कधी अर्धा तास जायचा, लागली तर मध्येच तुटायची. म्हणून लोक आधी मजकूर कागदावर लिहून आणायचे. साक्षीचा मेलचा पत्ता सरांनीच उघडून दिला होता. पासवर्ड त्यांच्या वहीत होता, तसा सगळ्यांचाच असायचा.

तिनं कागद पुढं केला. सरांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"हाय सर! हाऊ आर यू? यू रिमेंबर मी? आय वॉज देअर व्हेन यू कम टू भिगवण. सिन्स टू इयर्स आय ॲम गोइंग देअर एव्हरी संडे. आय वॉन्ट्स टू डू प्रोजेक्ट ऑन फिशेस. प्लीज गिव्ह फास्ट. ओके, बाय, टेक केअर."

बाहेरचे टाइपरायटर थांबले.

"हे काय हाय?" सरांनी कागद टेबलावर आपटला. "इनामदार तुझा वर्गमित्र हाय का? हाय म्हणं! टेक केअर म्हणं! त्यांची काळजी तू घेणार?"

"मैत्रिणी असंच लिहितात सर. मेल म्हणजे साधं असतं."

"मैत्रिणींना लिही! प्रोफेसरला गिव्ह फास्ट? हॉटेलात भजी मागवतीस का? आन् आय वॉन्ट्स! पाचवीतलं पोरगं लिहीत न्हाय आय वॉन्ट्स!"

साक्षीचा चेहरा लाल झाला, पण ती उठली नाही. "चुका दुरुस्त करा. त्यासाठीच आणलाय."

सरांनी तिचा कागद बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर सरसर लिहायला लागले. त्यांना मजकूर आठवावा लागत नसे. वीस वर्षं तेच लिहीत होते. रिस्पेक्टेड सर. विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन आय बेग टू स्टेट... पान भरलं. खाली युवर्स मोस्ट ओबीडियंटली.

साक्षीनं ते सावकाश वाचलं. मग बोट ठेवून विचारलं, "बेग म्हणजे?"

"विनंती करणं."

"डिक्शनरीत पहिला अर्थ काय आहे?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"भीक मागणं," तीच म्हणाली. "मी भीक मागत नाहीये. त्यांनी मला मेल करायला सांगितलंय. आणि ह्या पानभरात माशाचं नावसुद्धा नाही."

"ही रीत असती! अशा अर्जावर पोरं नोकऱ्यांना लागली हितली!"

"लागली असतील. माझ्या नावानं हे जायचं नाही. मी उद्या-परवा पुन्हा लिहून आणते."

ती गेली. सर बराच वेळ धुमसत होते. "शहाणी! तारीख निघून जाईल तवा कळंल." दुपारी चारला त्यांनी मला लाइन जोडायला सांगितलं. मी जोडली. त्यांनी वहीत पाहून साक्षीचा पासवर्ड टाकला आणि आपला मजकूर टाइप केला. मी मागं उभी होते. काय चाललंय ते मला कळत होतं. मी काही बोलले नाही. तो माझाही गुन्हा, हे आजही मला वाटतं.

दोन दिवसांनी साक्षी नवा कागद घेऊन आली. मेल उघडला तर डॉ. इनामदारांचं उत्तर आधीच येऊन पडलेलं. चारच ओळी. अर्ज मिळाला. असे अर्ज रोज येतात. तुमच्या वहीत काय नोंदी आहेत आणि तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे, ते यावरून कळत नाही. सबब विचार करता येत नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. खाली सरांचा मजकूर जसाच्या तसा होता, तळाशी तिचं नाव.

"हे कुणी पाठवलं?"

मी मान खाली घातली. सर म्हणाले, "मी. तुझ्या भल्यासाठी."

मी साक्षीला त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "माझ्या नावानं? मी नाही म्हटलं होतं! तोंडावर नाही म्हटलं होतं! माझं इंग्रजी चुकीचं असेल, पण ते माझं होतं. हे कुणाचं आहे? हे वाचून त्या माणसाला वाटलं असेल, हिनं पुस्तकातून उतरवलं. दोन वर्षं मी बाजारात चिखलात उभी राहिले, ते कुठंय ह्यात?"

"आवाज खाली कर."

"का? तुम्ही करता?"

सर उठून उभे राहिले. मला वाटलं आता ते तिला हाकलणार. पण ते बोलायला लागले, आणि आवाज रागाचाच होता, फक्त तो राग तिच्यावरचा नव्हता. "अठ्ठ्याहत्तर साली मी पुण्याला एका प्रोफेसरला पत्र लिहिलं होतं. एम.ए.ला घ्या म्हणून. तुझ्यासारखंच, मनातलं. त्यानं लाल शाईनं सगळ्या चुका काढल्या, आन् खाली लिहिलं, आधी इंग्रजी शिका, मग इंग्रजीचं एम.ए. करा. पोस्टानं परत पाठवलं. आमच्या वडलांनी फोडलं ते पाकीट, गावातल्या मास्तरकडून वाचून घेतलं, चार माणसांत. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची न्हाय. अर्जांचं पुस्तक आणलं आन् पाठ केलं."

साक्षीनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "तो माणूस वाईट होता. मग त्याच्यावर चिडा ना. त्याची भीती माझ्या पत्रात का घातलीत?"

सरांनी खुर्ची मागं सारली. बाहेर जाऊन ते रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी नुसता हात पुढं केला. "कागद दे."

"मजकूर बदलायचा नाही."

"न्हाय बदलत. चुका तर काढू का न्हाय?"

त्यांनी शाईचं पेन ठेवून पेन्सिल घेतली. या वेळी साक्षीनं विषयाच्या जागी लिहिलं होतं, उजनीतल्या माशांवरचं उन्हाळी प्रोजेक्ट. सुरुवात होती डिअर सर इनामदार. सर म्हणाले, "आडनावामागं सर लागत न्हाय. डिअर डॉ. इनामदार. आन् नावानं सुरुवात केली की शेवट युवर्स सिन्सिअरली." तिनं मान डोलावली. आय वॉन्ट टू डू होतं, त्याचं आय वुड लाइक टू डू झालं. "ह्यात भीक न्हाय," ते पुटपुटले, "नुसती रीत हाय."

मग पेन्सिल एका ओळीवर थांबली. सिन्स टू इयर्स आय ॲम गोइंग. "हे चूक. आय हॅव बीन गोइंग देअर फॉर टू इयर्स. सिन्स म्हटलं की सुरुवात सांगायची, सिन्स नाइन्टीन नाइन्टी सेव्हन. मुदत सांगायची तर फॉर. आन् हॅव बीन गोइंग कशाला? तू जात होतीस आन् अजून जातीस, दोन्ही त्यात येतं."

"हे चांगलंय," साक्षी म्हणाली.

पुढं त्यांनी फिशेस खोडून फिश केलं. तिनं लगेच पेन्सिल धरली. "फिशेस बरोबर आहे."

"मला इंग्रजी शिकवू नको! फिशचं अनेकवचन फिश."

"एकाच जातीचे असले तर. वेगवेगळ्या जाती असल्या की आमच्या विषयात फिशेसच लिहितात. मी चिलापी, रोहू, कटला, वांब, सगळ्यांचं लिहितेय."

सरांनी कपाटातली जाडी डिक्शनरी आपटून उघडली. वाचली. बंद केली. खोडलेलं खोडरबरानं पुसलं आणि तिचा शब्द पुन्हा स्वच्छ लिहून दिला.

त्या मेलात आणखी दोन वाक्यं होती, ज्यांना त्यांनी हातही लावला नाही. दोन वर्षांपूर्वी दहा पाट्यांत दोन पाट्या चिलापी यायची, आता पाच येते. वांब कमी झाली आहे आणि ती का, हे मला शोधायचं आहे. आधीचं पत्र मी लिहिलेलं नव्हतं, असं एक वाक्य तिनं तिथंच खाली वाढवलं. ते वाक्य सरांनी पेन्सिल बाजूला ठेवून वाचलं. "हे ठेवायचं का?" मी विचारलं. "खरं हाय ते," सर म्हणाले. "तिथं एक कॉमा हवाय, बाकी बरोबर."

साक्षीनं स्वतः टाइप केलं. पाठवून झाल्यावर तिनं पासवर्ड बदलला, तिथंच, सरांसमोर, आणि नवा त्यांना सांगितला नाही. धन्यवादही म्हणाली नाही.

आठवड्यानं उत्तर आलं. डॉ. इनामदारांनी पाच प्रश्न विचारले होते आणि वही घेऊन या म्हणून एप्रिलची तारीख दिली होती. साक्षीनं ते मला वाचून दाखवलं. सर आतच होते, ऐकत होते. "प्रश्नांची उत्तरं लिहून आण," ते आतून ओरडले, "आन् काळ नीट बघ!"

"बघते," ती तितक्याच जोरात म्हणाली.

ती उन्हाळाभर पुण्याला होती. त्यांच्यात पुरता समेट असा कधी झाला नाही. समोरासमोर आले की दोघं भांडायचेच. पण जूनमध्ये कॉलेजची पोरं अर्ज घेऊन यायला लागली, तेव्हा सरांनी आपला तो पाठ मजकूर लिहून द्यायचं बंद केलं. पोरं वैतागायची, कारण आता आधी स्वतः लिहून आणावं लागायचं. ओरडणं मात्र तसंच राहिलं.