बैलगाडीचं वजन आठ, सायकलचं शून्य

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, रायपूरच्या उत्तर अंगाला भनपुरीकडच्या एका चौकात, पोळ्याच्या दिवशी सकाळी, शिकणाऱ्या यंत्राचा बैलांकडून जाहीर पराभव झाला. पराभव साक्षीदारांसमक्ष झाला आणि कॅमेऱ्यात नोंदला गेला. कोणालाही इजा झाली नाही. एका साहेबांची अब्रू तेवढी गेली. तिच्याबद्दल मला आजही तसूभर खेद नाही. उलट जेवणानंतर बडीशेप चघळावी तसा मी तो प्रसंग अधूनमधून चघळतो.

मी शहराच्या ट्रॅफिक कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. समोर भिंतभर पडदे, पडद्यांवर चौक, आणि चौकांत ही आपली माणसं. त्याआधी वीस वर्षं मी खांबाजवळची पेटी चावीने उघडून सिग्नलचे टायमर लावायचो. जुना टायमर मठ्ठ होता, पण समदृष्टीचा होता. मेन रोडला साठ सेकंद, आडव्या रस्त्याला चाळीस. समोर कलेक्टर असो की कोंबडीवाला, त्याला फरक पडत नसे.

मग नवी यंत्रणा आली. प्रत्येक रस्त्यावर कॅमेरा. कॅमेरा वाहनं ओळखतो, मोजतो, आणि दर पाच सेकंदांनी यंत्र ठरवतं: हिरवा आहे तसा ठेवू की बदलू? थांबलेल्या वाहनांचं एकूण ओझं कमी झालं की त्याला शाबासकीचे गुण, वाढलं की गुण वजा. आधी कॉम्प्युटरमधल्या खोट्या शहरात ते असं लाखो वेळा चुकलं, मग आमच्या खऱ्या शहरात आलं. महिनाभरात मेन रोड पाण्यासारखा वाहू लागला. सिलतऱ्याच्या कारखान्यांचे मालक, मॅनेजर, त्यांचे ट्रक, सगळे न थांबता जाऊ लागले. पेपरात फोटो आले.

भनपुरीकडच्या त्याच चौकाला आडवा एक रस्ता मिळतो. त्या रस्त्यावरच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, माझी ताई राहते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि आवाजाने साठ वर्षांनी. बीरगावच्या पलीकडे एका रोलिंग मिलच्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटते. रोज सकाळी सायकलने मेन रोड ओलांडते. गेट साडेसातला बंद होतं.

एका संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. चप्पलही काढली नाही.

"काहून रे, तू तिथं एसीत बसून काय करून राहिला?"

"काय झालं, ताई?"

"हिरवा सिग्नल लागतच नाही आमचा! लागला तर सात सेकंद. अर्धे लोक बीचच्या दुभाजकावर अडकतात अन् दोन्हीकडून ट्रक. दोनदा लेट झाला मले. तिसऱ्यांदा झाला तर ठेकेदार नाव काटून देईन म्हणे."

"तू थोडं लवकर निघ ना."

"पाचला उठतो मी. आता काय तिथंच अंथरूण टाकू?"

दुसऱ्या दिवशी मी पडद्यावर तिचा रस्ता लावून बसलो. सकाळी सात ते साडेसात. सव्वाशे-दीडशे सायकली, डबे लटकवलेल्या, आणि तेवढीच पायी माणसं. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राचा आकडा: त्या रस्त्यावरचं ओझं, चार. दोन मोटारसायकली आणि तीन ऑटो, एवढंच त्याला दिसत होतं. मेन रोडवर मात्र एक पांढरी गाडी एकटी, आरामात, हिरव्यातून गेली. ती ताईच्याच मिलच्या मॅनेजरची निघाली. तो वेळेवर पोचत होता आणि पोचल्यावर गेटवर ताईचा उशीर लिहायला लावत होता. इतकी सुबक व्यवस्था देवालाही जमली नसती.

पुढच्या मीटिंगला मी हात वर केला. यंत्र बसवणाऱ्या कंपनीचे प्रमुख, त्यांना मी नुसतं साहेब म्हणतो, कडक इस्त्रीचे गृहस्थ. मी म्हटलं, आडव्या रस्त्यावर सायकलवाल्यांची फार गर्दी असते, यंत्राला ती दिसत नाही.

साहेब हसले. "भैया, साइकिल ट्रैफिक नहीं होती। साइकिल हवा है, निकल जाती है।"

खोली हसली. मी म्हटलं, "सर, निकल नहीं रही।"

"देखिए, सिस्टम खुद सीखता है। हम थोड़े ही कुछ बोलते हैं उसको। आप ऑपरेटर हैं, ऑपरेट कीजिए।"

खोली पुन्हा हसली. मीही हसलो. वऱ्हाडातून आलेल्या आमच्या खानदानात माणूस खरा चिडला की हसतो. माझ्या वडिलांना रेल्वेत एका फोरमनने चारचौघांत 'ए हमाल' म्हटलं होतं. ते नऊ वर्षं हसत होते, आणि दहाव्या वर्षी फोरमनच्या निरोप समारंभात भाषण करायला उभे राहिले. ते भाषण हा वेगळा विषय आहे.

कंपनीची एक इंजिनिअर मुलगी आमच्याच खोलीत बसते. आईवडील अमरावतीचे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. मी तिला ताईच्या हातच्या तिळाच्या चटणीचा डबा दिला आणि विचारलं, "बेटा, सायकलचं वजन किती धरता?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "ज़ीरो, काका।"

"शून्य? यंत्र स्वतः शिकलं हे?"

"नहीं काका, वेट तो हम देते हैं। साइकिलों की भीड़ में कैमरा गड़बड़ा जाता था, गिनती ऊपर-नीचे होती थी। रिपोर्ट ख़राब दिखती थी। तो सर ने ज़ीरो करवा दिया।"

मग तिने मला तक्ता दाखवला. रस्त्यांची आखणी करणारे लोक प्रत्येक वाहन कारच्या मापात मोजतात. कार एक, मोटारसायकल अर्धी, ट्रक तीन. सायकलचा आकडा सोडला तर कंपनीने तो तक्ता कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून जसाच्या तसा उचलला होता. मी बोट फिरवत खाली खाली गेलो आणि शेवटच्या ओळीवर थांबलो.

बैलगाडी: आठ.

"हे काय?"

"पुराना टेबल है ना, काका। बैलगाड़ी धीरे चलती है, जगह घेरती है, इसलिए। शहर में आती कहाँ है, किसी ने हटाया नहीं।"

"आणि कॅमेरा ओळखतो बैलगाडी?"

"हाँ, पहचान की लिस्ट में उसकी क्लास तो है।"

वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात सनई वाजली.

आता हेही सांगायला हवं की कॅमेऱ्याला प्रत्येक रस्त्याचा चौकाजवळचा शंभर मीटरचा पट्टाच दिसतो. मेन रोडच्या त्या पट्ट्यात चाळीसेक कारच मावतात. मागे सिलतऱ्यापर्यंत रांग गेली तरी यंत्राच्या लेखी चाळीसच. चौदा बैलगाड्या मात्र एकशे बारा होतात. हे गणित मी चटणीच्या डब्याच्या झाकणावर बोटाने केलं.

त्याच आठवड्यात बाहेरून एक पाहणी पथक येणार असं कळलं. शहराचे मोठे साहेब स्वतः मेन रोडने येऊन कंट्रोल रूममध्ये पथकाला भेटणार होते. साहेब तारीख शोधत असताना मी अत्यंत नम्रपणे म्हटलं, "सर, पोरा के दिन रखिए। छुट्टी का दिन, रोड खाली रहेगा।"

इथे पोळ्याला पोरा म्हणतात. गावोगावचे लोक बैल सजवून गाड्या घेऊन शहराच्या मैदानात स्पर्धेला येतात. कंपनीचे साहेब बाहेरचे. त्यांना काय ठाऊक. "गुड आइडिया," म्हणाले.

ताईच्या पाऱ्यामागच्या गावात एक गाडीवान काका आहेत, ताईला बहीण मानतात. दरवर्षी ते आणि त्यांचे सोबती लांबच्या वळणाने जायचे. ताईने त्यांना सांगितलं, "यंदा आमच्या चौकातून जा, भैया. सकाळी सातला." काकांनी विचारलं, "सिग्नल मिलही?" ताई म्हणाली, "तुम्हाले मिळन. आम्हाले नाही मिळत, पण तुम्हाले मिळन."

पोळ्याच्या सकाळी साहेब नवा कोट घालून आले. पथकातले तिघे चहा घेत होते. साहेबांनी जाहीर केलं, "आज कोई मैनुअल नहीं। कोई हाथ नहीं लगाएगा। वीआईपी आए तो भी सिस्टम खुद रास्ता बनाएगा।"

मी रजिस्टर पुढे केलं. "सर, लिख दीजिए ना। नहीं तो ऊपर से फोन आता है, फिर मैं फँसता हूँ।"

त्यांनी झोकात लिहिलं आणि झोकात सही केली.

सात वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर पहिली शिंगं दिसली. निळी रंगवलेली, टोकांना गोंडे. मग दुसरी जोडी, तिसरी, दहावी. घुंगरं ऐकू येत नव्हती, तरी मला आली. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा चारवरून अडुसष्ट, मग शहाण्णव, मग एकशे बारा. यंत्राने पाच सेकंद विचार केला आणि आडवा रस्ता हिरवा केला. बैल काही घाईत नव्हते. पुढच्या गाड्या निघाल्या तेवढ्यात मागून नव्या आल्या, ओझं उतरेना, हिरवा मिटेना. हिरव्याची वरची मर्यादा संपली की मेन रोडला सात सेकंद, आणि पुन्हा बैल.

आणि बैलांच्या आडोशाने, दोन्ही बाजूंनी, सायकली. मिलला पोळ्याची सुट्टी नसते; दीडशे सायकली, रमतगमत, कुणी दुभाजकावर अडकलं नाही. त्यांत ताई. तिने नेमकं कॅमेऱ्याखाली येऊन वर पाहिलं आणि घंटी वाजवली. सात वाजून एकोणीस. ताईचं नाव त्या दिवशी कटलं नाही, आणि हे लिहितोय तोवर गेटच्या यादीत आहे.

सात पंचवीसला साहेबांचा फोन वाजला. घाईत त्यांच्याकडून स्पीकर चालू झाला आणि मोठ्या साहेबांचा आवाज खोलीभर पसरला.

"पंद्रह मिनट से खड़े हैं हम! सामने से बैल जा रहे हैं! ये हरा किसको मिल रहा है?"

साहेब माझ्याकडे वळले. "मैनुअल करो! अभी!"

मी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या सहीवर बोट ठेवलं. "सर, आपने ही तो मना किया है। और सिस्टम खुद सीखता है। हम थोड़े ही कुछ बोलते हैं उसको।"

पथकातल्या एकाने कप खाली ठेवला. फोनमधून आवाज आला, "बैलगाड़ी को हरा क्यों दे रहा है तुम्हारा सिस्टम?"

साहेब कोटाची बटणं चाचपू लागले. शेवटी इंजिनिअर मुलगी म्हणाली, "सर, टेबल में बैलगाड़ी आठ कार के बराबर है।"

"और ये जो सैकड़ों साइकिलें जा रही हैं, ये कितनी?"

"ज़ीरो, सर।"

"ज़ीरो? ये किसने तय किया?"

पडद्यावर अजून सहा गाड्या रांगेत शिरल्या. साहेबांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा पथकाकडे, मग माझ्या बोटाकडे. आणि जे यंत्र आपलं आपण शिकतं, ज्याला कोणी काही सांगत नाही, त्याच्याविषयी सगळ्यांदेखत ओरडले:

"अरे गिन लेंगे भाई तुम्हारी साइकिलें, एक मिनट में गिन लेंगे, पहले ये बैल हटवाओ!"